धर्मादाय, खर्च आणि देणे : शाळेच्या खोलीची हिशेबी नोंद

१

हिंगोली जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत कंपनीच्या पैशातून दोन वर्गखोल्या उभ्या राहिल्या, तर त्यांची नोंद एका ठिकाणी होत नाही. कंपनीच्या वहीत एक नोंद होते, मध्यस्थ विश्वस्त संस्थेच्या वहीत दुसरी, आणि शाळेच्या दप्तरात तिसरी. तिन्ही नोंदी एकाच विटा-वाळूविषयी असतात. परंतु तो पैसा मुळात कोणाचा होता, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वही वेगळे देते. कंपनी म्हणते, तो आमचा खर्च. संस्था म्हणते, ती आमच्याकडील ठेव. शाळा म्हणते, ही मिळालेली वस्तू.

हा प्रश्न नवा नाही. मराठी मुलखातील व्यापारी लोकोपयोगी कामासाठी पैसा बाजूला काढीत आले आहेत, आणि तो वहीत कोणत्या खाती टाकावयाचा यासंबंधी त्यांची पद्धत पुरेशी निश्चित होती. त्या जुन्या पद्धतीपासून २०१३ च्या कंपनी कायद्यापर्यंत आणि तेथून २०२१ च्या नियमांपर्यंत या नोंदीचा इतिहास पाहिला, तर तो सरळ पुढे जाणारा नाही असे दिसते. जी रक्कम प्रथम देणे म्हणून लिहिली जात होती, ती मधल्या काळात खर्च झाली आणि अखेरीस पुन्हा देणे बनली. हा बदल केवळ लेखापालांच्या सोयीचा नाही. अर्धवट राहिलेल्या खोलीवर छप्पर पडणार की नाही, हे पुष्कळदा या नोंदीवरच ठरते.

२

जुन्या पेढीवरील व्यवहार रोजकीर्दीत उतरत आणि तेथून खतावणीत जात. कापूस, धान्य किंवा हळद यांच्या सौद्यात मालाच्या किमतीखेरीज हमाली, तोलाई यांसारख्या काही लहान रकमा आकारल्या जात. त्यांतच धर्मादाय नावाची एक रक्कम असे. ती गिऱ्हाइकाकडून वा शेतकऱ्याकडून घेतली जाई आणि व्यापाऱ्याच्या खतावणीत धर्मादाय खाती जमा होई. पुढे धर्मशाळा, पांजरपोळ, पाणपोई किंवा पाठशाळा यांकरिता पैसे दिले म्हणजे तेवढी रक्कम त्याच खाती नावे पडे. वर्षअखेर शिल्लक राहिली तर ती नव्या वहीत ओढली जाई.

या पद्धतीत महत्त्वाची गोष्ट अशी, की ही रक्कम नफ्यातोट्याच्या हिशेबात शिरतच नसे. पैसा पेढीच्या तिजोरीत असला तरी तो पेढीचा नसे. व्यापारी फक्त तो सांभाळणारा असे. त्यामुळे धर्मादाय दिल्याने त्याचा नफा कमी होत नसे, आणि न दिल्याने वाढतही नसे. न दिल्यास वाढे ते केवळ देणे.

कायद्याने ही समजूत नंतर लेखी मान्य केली. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात धर्मादायासाठी ५४ वे कलम स्वतंत्रपणे घातलेले आहे. व्यापारातील रूढीनुसार धर्मार्थ म्हणून कोणत्याही नावाने जी रक्कम आकारली जाईल, ती आकारणाऱ्याकडे विश्वस्त या नात्याने राहील, असे ते कलम सांगते. आणि वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत तिचा हिशेब धर्मादाय आयुक्ताच्या कार्यालयास द्यावा, असा दंडक घालते. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यात, आणि परभणी हैदराबाद राज्यात होती. त्यामुळे हा कायदा तेथे आरंभी लागू नव्हता. राज्यपुनर्रचनेनंतर तो मराठवाड्यासही लागू झाला. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.

प्राप्तिकराच्या बाजूने हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. हाथरस येथील बिजली कॉटन मिल्स ही कंपनी आपल्या गिऱ्हाइकांकडून धर्मादाय घेत असे. ही रक्कम विक्रीच्या पैशाबरोबरच येते, तेव्हा ती कंपनीचे उत्पन्न होय, असे प्राप्तिकर खात्याचे म्हणणे होते. १९७९ च्या निर्णयसंग्रहांत प्रसिद्ध झालेल्या निकालात न्यायालयाने ते अमान्य केले. ही रक्कम हाती येते तीच धर्मार्थ खर्च करण्याच्या बंधनासह येते; म्हणून ती आरंभापासूनच उत्पन्न नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे.

या निकालात एक शब्दार्थाचा मुद्दाही होता, आणि तो भाषेच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. मुंबई इलाख्यातील एका मृत्युपत्रात ‘धर्म’ या हेतूने ठेवलेली मालमत्ता प्रिव्ही कौन्सिलने १८९९ साली रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या खटल्यात अग्राह्य ठरविली होती. कारण ‘धर्म’ हा शब्द इतका व्यापक, की त्यावरून विश्वस्ताने नेमके काय करावे हे न्यायालयास सांगता येत नाही. मग ‘धर्मादाय’ हाही तसाच संदिग्ध शब्द नव्हे काय? सर्वोच्च न्यायालयाने दोहोंत भेद केला. व्यापारी रूढीने धर्मादायास निश्चित अर्थ दिलेला आहे, आणि देणारा व घेणारा दोघेही तो जाणतात, असे मानले गेले. अर्थ कोशाने नव्हे, तर वहीने निश्चित केला होता.

३

कंपनी मात्र पेढी नव्हे. पेढीचा धनी आपल्या पैशाचे काय करतो हे विचारणारा कोणी नसतो. कंपनीच्या संचालकांच्या हाती असतो तो भागधारकांचा पैसा. त्यामुळे कंपनीच्या दानासंबंधी कायद्याची पहिली चिंता ती पुरेसे देते की नाही ही नव्हती. ती फार देऊ नये, ही होती. १९५६ च्या कंपनी कायद्यातील २९३ व्या कलमाने धंद्याशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या धर्मार्थ निधीस संचालक मंडळाने किती द्यावे यावर मर्यादा घातली. कायद्यात नमूद केलेली एक ठराविक रक्कम, किंवा मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या पाच टक्के, यांपैकी जी अधिक असेल तिच्यापलीकडे जाण्यास सर्वसाधारण सभेची संमती लागे.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोजपट्टी तीच ठेवली आणि ती उलटी धरली. मागील तीन वर्षांचा सरासरी निव्वळ नफा हाच येथेही आधार आहे. परंतु पूर्वी जेथे कमाल होती तेथे आता दोन टक्क्यांची किमान आली. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून अधिक आहे, तिला हे कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. कोणत्या कामांवर खर्च करता येईल त्यांची यादी सातव्या परिशिष्टात असून शिक्षणाचा प्रसार हा त्यांतील एक विषय आहे.

हे बंधन सक्तीचे होते काय, या प्रश्नाचे उत्तर त्या पहिल्या काळात संदिग्ध होते. रक्कम खर्च झाली नाही तर संचालकांनी आपल्या अहवालात कारण द्यावे, एवढीच अपेक्षा होती. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने मे २०१५ मध्ये या खर्चाच्या लेखांकनाविषयी मार्गदर्शक टिपण प्रसिद्ध केले, आणि त्यात या स्थितीचे तर्कशुद्ध प्रतिबिंब पडले. खर्च न झालेल्या रकमेसाठी तरतूद करण्याचे कारण नाही, कारण ती रक्कम कोणास देणे आहे असे म्हणता येत नाही. कंपनीने कंत्राट वगैरे करून स्वतःवर बंधन ओढवून घेतले असेल तर मात्र तेवढ्यापुरती तरतूद करावी, असे त्या टिपणाचे मत होते. म्हणजे पैसा खर्च झाला की तो खर्च; न झाला तर वहीत काहीच नाही.

याच टिपणात शाळेच्या इमारतीचे उदाहरण आहे. कंपनीने बांधलेली शाळेची इमारत चालविण्यासाठी व देखभालीसाठी ग्रामपंचायतीकडे सोपविली, तर ती कंपनीची मत्ता म्हणून दाखवू नये. तो खर्च होईल तसतसा नफा-तोटा पत्रकात टाकावा. कारण उघड आहे. मत्ता म्हणजे केवळ पैसे देऊन उभारलेली वस्तू नव्हे. तिच्यावर ताबा असला पाहिजे आणि तिच्यापासून पुढे लाभ मिळाला पाहिजे. गावच्या शाळेवर कंपनीचा ताबाही नाही आणि तिच्यापासून कंपनीस उत्पन्नही नाही.

प्राप्तिकराने मात्र हा खर्च खर्च म्हणून मानला नाही. २०१४ साली १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ३७ व्या कलमास स्पष्टीकरण जोडून, या कलमाखालचा खर्च धंद्यासाठी केलेला खर्च समजू नये, असे ठरविण्यात आले. हा उत्पन्नाचा विनियोग आहे, आणि त्याची वजावट दिल्यास सुमारे एकतृतीयांश भार सरकारवर पडेल, असे कारण त्या वेळच्या वित्त विधेयकासोबतच्या टिपणात दिले होते. परिणाम असा झाला, की तीच रक्कम कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात नफा काढण्यापूर्वीचा खर्च ठरली आणि कराच्या गणनेत नफ्यातून दिलेले दान ठरली. बिजली कॉटन मिल्सच्या धर्मादायास ‘हे मुळात उत्पन्नच नव्हे’ असे म्हणता आले, कारण तो गिऱ्हाइकाचा पैसा होता. दोन टक्क्यांविषयी तसे म्हणता येत नाही. तो कंपनीने मिळविलेला पैसा आहे.

४

२०१९ साली १३५ व्या कलमात दुरुस्ती झाली, आणि ती २२ जानेवारी २०२१ पासून नव्या नियमांसह अमलात आली. कारण देऊन सुटण्याची वाट त्या दिवशी बंद झाली. खर्च न झालेल्या रकमेसाठी कायद्याने दोन मार्ग नेमून दिले. ती रक्कम चालू प्रकल्पाची असेल, तर आर्थिक वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, अनुसूचित बँकेतील ‘अखर्चित’ अशा स्वतंत्र खात्यात भरावी आणि पुढील तीन आर्थिक वर्षांत त्याच कामावर खर्च करावी. ती चालू प्रकल्पाची नसेल, तर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्य निधीसारख्या परिशिष्टातील एखाद्या निधीकडे वळती करावी. तसे न केल्यास कंपनीस त्या रकमेच्या दुप्पट किंवा एक कोटी रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढा दंड आहे.

या दुरुस्तीने वहीतील नोंद पालटली. वर्षअखेर न खर्चलेली रक्कम आता कोणाला तरी, ठराविक मुदतीत, द्यावीच लागते. अशा रकमेस लेखाशास्त्रात देणे म्हणतात. म्हणून २०१५ च्या टिपणातील ‘तरतूद नको’ ही भूमिका अखर्चित रकमेपुरती टिकणे शक्य नव्हते. नवी रचना एका कल्पित उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल.

समजा, एका कंपनीचा मागील तीन वर्षांचा सरासरी निव्वळ नफा ६० कोटी रुपये आहे. दोन टक्क्यांप्रमाणे तिचे बंधन १ कोटी २० लाखांचे झाले. त्यांपैकी ८४ लाख इतर कामांवर पूर्ण खर्च झाले. उरलेले ३६ लाख सेनगाव तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या दोन वर्गखोल्यांसाठी मंजूर झाले. काम एका नोंदणीकृत विश्वस्त संस्थेकडे दिले. कंपनीने संस्थेस २६ लाख अग्रिम दिले. ३१ मार्च रोजी संस्थेच्या उपयोगिता प्रमाणपत्राप्रमाणे २२ लाख प्रत्यक्ष खर्च झाले होते. भिंती उभ्या होत्या, छत व्हावयाचे होते.

अग्रिम दिले त्या दिवशी कंपनीच्या कीर्दीत संस्थेचे अग्रिम खाते २६ लाखांनी नावे आणि बँक जमा, एवढीच नोंद होते. खर्च अद्याप झालेला नाही. येथेच पहिली चूक संभवते. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात खुलासा केला आहे, की राबविणाऱ्या संस्थेस पैसे देणे म्हणजे खर्च करणे नव्हे. संस्थेने ते वापरले तरच तो खर्च. म्हणून प्रमाणपत्र आल्यावर सामाजिक उत्तरदायित्व खर्च खाते २२ लाखांनी नावे पडते आणि अग्रिम खाते तेवढ्यानेच जमा होते. अग्रिम खाती ४ लाख उरतात. ते कंपनीच्या तिजोरीतून गेलेले असले, तरी कायद्याच्या दृष्टीने अखर्चितच आहेत. त्यांत अद्याप न दिलेले १० लाख मिळविले म्हणजे अखर्चित रक्कम १४ लाख होते.

आता ३१ मार्चलाच दुसरी नोंद करावी लागते : खर्च खाते १४ लाखांनी नावे आणि ‘सामाजिक उत्तरदायित्वापोटी देणे’ हे खाते तेवढ्याने जमा. अशा रीतीने त्या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात शाळेचे पूर्ण ३६ लाख येतात, जरी बांधकाम २२ लाखांचेच झाले असले तरी. ३० एप्रिलपूर्वी १४ लाख स्वतंत्र बँक खात्यात जातात. संस्थेकडील ४ लाख त्यासाठी परत मागवावे लागतात. पुढील वर्षी छताचे पैसे दिले जातात तेव्हा देणे खाते नावे पडते आणि स्वतंत्र बँक खाते जमा होते. त्या वर्षीच्या नफ्यास या छताचा स्पर्शही होत नाही.

ही अखेरची नोंद जुन्या खतावणीतील धर्मादाय खात्याशेजारी ठेवून पाहावी. जमेस धर्मार्थ रक्कम, शिल्लक पुढील वर्षी ओढलेली, दिली तेव्हा नावे, आणि नफ्यातोट्याशी संबंध नाही : आकृती तीच आहे. फरक उगमात आहे. पेढीवर ती रक्कम गिऱ्हाइकाकडून येऊन देणे बनत असे. कंपनीत ती स्वतःच्या नफ्यातून निघून खर्चाच्या वाटेने देण्यापर्यंत येते.

मराठीत या विषयाची परिभाषा अजून स्थिरावलेली नाही. कोणी ‘सामाजिक जबाबदारी’ म्हणतात, कोणी ‘उत्तरदायित्व’, तर काही शासकीय कागदांत ‘दायित्व’ असा शब्द येतो. मूळ इंग्रजी संज्ञेत जबाबदारीचा भाव आहे, देण्याचा नाही. परंतु ‘दायित्व’, ‘देणगी’, ‘देणे’ आणि ‘धर्मादाय’ या शब्दांच्या मुळाशी ‘दा’ हा एकच धातू आहे. आणि ताळेबंदाच्या परिभाषेत ‘दायित्व’ म्हणजे देणेच. २०१४ ते २०२१ या काळात ‘जबाबदारी’ हा शब्द वस्तुस्थितीस अधिक जुळता होता. त्यानंतर ‘दायित्व’ हा शब्द हिशेबाच्या दृष्टीनेही खरा ठरला.

५

वरील उदाहरणातील १४ लाख सेनगावच्या शाळेसाठीच राहिले, याचे कारण तो ‘चालू प्रकल्प’ मानला गेला. ही संज्ञा नियमांत व्याख्या करून दिलेली आहे. ज्या वर्षी काम सुरू झाले ते वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत चालणारा बहुवार्षिक प्रकल्प तो चालू प्रकल्प. शिवाय आरंभी एका वर्षाचा म्हणून मंजूर झालेला, परंतु पुढे समर्थनीय कारणासाठी संचालक मंडळाने वर्षापलीकडे वाढविलेला प्रकल्पही त्यात मोडतो. कारण पावसाळ्याने काम अडले हे असू शकते, किंवा जुनी खोली पाडण्याची परवानगी उशिरा आली हेही असू शकते.

मंडळाने असा ठराव केला नाही, तर तोच प्रकल्प ‘इतर’ या सदरात पडतो, आणि १४ लाख ३० सप्टेंबरपर्यंत राष्ट्रीय निधीकडे जातात. कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात काडीचाही फरक पडत नाही. खर्च ३६ लाखच, देणे १४ लाखच. कायद्याचे पालनही पूर्ण होते. फरक पडतो तो फक्त भिंती उभ्या असलेल्या आणि छत नसलेल्या खोलीस. म्हणून अशा प्रकल्पाचा अभ्यास करणाऱ्याने रकमेआधी ठरावातील संज्ञा व ठरावाची तारीख पाहावी.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा धोका अधिक आहे. कायदा कंपनीस आपल्या कामाच्या परिसरास प्राधान्य देण्यास सांगतो. मोठ्या कंपन्यांची कार्यालये व कारखाने मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात दाटलेले आहेत. निती आयोगाने २०१८ साली निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत शेजारचा वाशीम आहे, हिंगोली नाही. त्यामुळे त्या यादीकडे पाहून वळणारा पैसाही सीमेपलीकडे थांबतो. येथे येणारा निधी बहुधा दुरून आणि मध्यस्थ संस्थेमार्फत येतो. दुरून दिलेल्या पैशाचा मंजुरीचा दिवस, अग्रिमाचा दिवस आणि वापराचा दिवस यांत अंतर पडते, आणि ३१ मार्च नेमका त्या अंतरात येतो.

संस्थेच्या वहीकडे पाहिले, तर तेथे धर्मादायाची रीत खंड न पडता चालू असल्याचे दिसते. सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या ताळेबंदाचा जो विहित नमुना आहे, त्यात विशिष्ट कामासाठी आलेल्या रकमांकरिता निर्दिष्ट निधीचे सदर देण्यांच्या बाजूस आहे. २६ लाख आले तेव्हा ते तेथे जमा होतात, २२ लाख वापरले तेव्हा कमी होतात, आणि ३१ मार्च रोजी ४ लाख उरतात. हे ४ लाख कंपनीच्या अग्रिम खात्यावरील ४ लाखांशी जुळले पाहिजेत. कंपनीने सबंध २६ लाख खर्च दाखविले असून संस्थेच्या निर्दिष्ट निधीत शिल्लक असेल, तर कंपनीने दिलेल्या पैशालाच खर्च समजले, हे दोन ताळेबंद शेजारी ठेवताच कळते. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात दिलेले आणि त्याच महिन्यात पूर्ण खर्च झालेले दाखविलेले बांधकामाचे पैसे तर विशेष तपासावेत. आठवड्यात विटा येतात, वर्गखोली उभी राहत नाही.

६

अखेरचा प्रश्न खोलीच्या मालकीचा. २०२१ च्या नियमांनुसार या निधीतून निर्माण झालेली भांडवली मत्ता कंपनीस स्वतःकडे ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडे, लाभार्थींच्या गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी लागते. जिल्हा परिषद शाळेच्या बाबतीत जमीन व शाळा दोन्ही परिषदेच्या, म्हणून खोलीही परिषदेकडेच जाते.

परंतु जिल्हा परिषदेचे लेखे १९६८ च्या लेखा संहितेप्रमाणे रोखीच्या तत्त्वावर ठेवले जातात. पैसा आला तर जमा, गेला तर खर्च. येथे पैसा परिषदेकडे आलाच नाही; संस्थेने तो कंत्राटदारास दिला आणि परिषदेस तयार खोली मिळाली. म्हणून परिषदेच्या जमाखर्चात या ३६ लाखांचा मागमूस नसतो. अशा रीतीने खोली कंपनीच्या ताळेबंदात नाही, कारण ती खर्च झाली. संस्थेच्या ताळेबंदात नाही, कारण ती हस्तांतरित झाली. परिषदेच्या जमाखर्चात नाही, कारण पैसा फिरला नाही. ती असते फक्त दोन जागी : मालमत्तेच्या नोंदवहीत, आणि कंपनीच्या वार्षिक अहवालास जोडलेल्या एका तक्त्यात. तिच्यातील बाके, फळे आणि कपाटे शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढतात.

तो तक्ता लक्षात घेण्याजोगा आहे. २०२१ च्या नमुन्यात प्रत्येक प्रकल्पापुढे राज्य व जिल्हा लिहावा लागे. त्यामुळे अहवाल चाळूनच हिंगोलीचे नाव सापडत असे. सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीने संचालकांच्या अहवालातील हा प्रकल्पवार तक्ता गेला, आणि प्रकल्पांची एकत्र रक्कम तेवढी राहिली. प्रकल्पवार तपशील निबंधकाकडे स्वतंत्र नमुन्यात सादर होतो. अहवालात उरला तो भांडवली मत्तेचा तक्ता. त्यात मालमत्तेचे वर्णन व संपूर्ण पत्ता, पिनकोड, निर्मितीची तारीख, खर्चलेली रक्कम आणि मालकाचे नाव-पत्ता द्यावा लागतो. शिष्यवृत्ती किंवा शिक्षक-प्रशिक्षण यांवरील खर्च जिल्हावार शोधणे त्यामुळे अहवालावरून अवघड झाले आहे. वर्गखोली मात्र अजून सापडते.

त्या तक्त्यातील निर्मितीची तारीख शाळेच्या नोंदवहीतील ताबा घेतल्याच्या तारखेशी ताडून पाहावी, आणि मालक म्हणून परिषदेचे नाव आहे की मध्यस्थ संस्थेचे, हेही पाहावे. नोंदवहीत खोली चढलीच नसेल, तर ती परिषदेच्या दुरुस्तीच्या यादीत येत नाही. रोखीच्या लेख्यांत घसारा नसतो, त्यामुळे तिच्या झिजेची दखल आपोआप घेणारी दुसरी कोणतीही वही नाही. कंपनीचे देणे छत पडल्याबरोबर फिटलेले असते. पुढील पावसाळ्यात ते गळू लागले तर कोणाच्या खर्चाने दुरुस्त करावयाचे, हे नोंदवहीतील त्या एका ओळीवरच अवलंबून राहते.